काळ्या रानात शेड उभारण्याआधी: जमीन वजन पेलेल का, आणि ओढ्याचा काठ टिकेल का?

शेतात गोठा, अवजारांची शेड किंवा सोयाबीन ठेवायला छोटं गोदाम बांधायचं ठरतं ते बहुतेक उन्हाळ्यात. रब्बी निघालेली असते, रान मोकळं असतं आणि मिस्त्रीही सापडतो. नेमकी त्याच दिवसांत काळी माती सगळ्यात कडक असते. ढेकळावर कुदळ मारली तर ती उसळून परत येते. अशा जमिनीकडे बघून हिच्यावर दुमजली घरसुद्धा उभं राहील असं वाटणं साहजिक आहे. पण हीच माती भाद्रपदात पाय घोट्यापर्यंत आत ओढते. शेड दोन्ही ऋतूंत उभी राहायची असते, म्हणून जमीन तपासताना मे महिन्यातल्या मातीवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं आधी पक्कं करून घ्या.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. समजा, मानवत-पाथरी भागात भारी काळ्या जमिनीचं एक शेत आहे. शेताच्या खालच्या अंगाला ओढा वाहतो आणि वरच्या अंगाला थोडा मुरमाड माळ आहे. मालकाला 20 बाय 30 फुटांचं गोदाम बांधायचं आहे: विटांच्या भिंती, वर पत्रा. रस्ता आणि विजेचा खांब ओढ्याच्या बाजूला आहेत, म्हणून घरच्यांचा कल तिकडेच. मिस्त्री म्हणतात, "काका, चार फूट पाया घेऊ, तळाला काँक्रीट ओतू, काही होत नाही." हे बरोबर आहे का, ते पाहू.

वजन किती, ते आधी मोजू

जमिनीची भारक्षमता म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर किती टन वजन सुरक्षितपणे ठेवता येतं तो आकडा. तो किती हवा हे कळण्यासाठी आपल्या भिंतीचं वजन काढावं लागतं. ते अवघड नाही. भिंतीचा फक्त एक फूट लांबीचा तुकडा डोळ्यासमोर आणा.

नऊ इंची, दहा फूट उंच विटांची भिंत म्हणजे एक फूट लांबीत साडेसात घनफूट बांधकाम. विटांचं बांधकाम घनफुटाला साधारण 54 किलो भरतं, म्हणजे 400 किलोच्या थोडं वर. पत्रा, त्याखालचे पाइप आणि छतावर चढणाऱ्या माणसांचा वाटा मिळून 75 किलो धरू. खाली दीड फूट रुंदीचा दगडी पाया, जमिनीत चार फूट आणि जोत्याचा दीड फूट, असे सव्वाआठ घनफूट होतात. दगडी बांधकाम घनफुटाला 68 किलोच्या आसपास जातं, म्हणजे 560 किलो. तळाच्या अडीच फूट रुंद, सहा इंची काँक्रीटचे आणखी 85. सगळं मिळून फुटाला 1100 किलोच्या थोडं वर. हे वजन अडीच फूट रुंदीवर पसरतं, म्हणजे चौरस फुटाला साडेचारशे किलो, चौरस मीटरला जवळपास 5 टन.

हा आकडा फारसा मोठा नाही. कठीण मुरमाला सावधपणे धरलं तरी 15 ते 20 टन प्रति चौरस मीटर सहज पेलतात, काळा पाषाण त्याच्या कितीतरी पट. ओली, मऊ चिकणमातीसुद्धा 5 टनांच्या आसपास तग धरते. म्हणजे शेतातली छोटी शेड नुसत्या वजनाने सरळ खाली खचते, असं क्वचितच घडतं. मग मराठवाड्यात इतक्या शेडांच्या भिंतींना दाराच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा का पडतात? त्या खचल्यामुळे कमी आणि उचलल्या गेल्यामुळे जास्त पडतात.

माती वरही ढकलते

आपल्याकडची काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून तयार झाली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि पापुद्रे एकमेकांपासून दूर सरकतात. माती फुगते. उन्हाळ्यात पाणी निघून जातं, माती आकसते आणि भेगा पडतात. दोन-तीन बोटं रुंद आणि कमरेइतकी खोल भेग इथल्या शेतकऱ्याला नवी नाही.

फुगताना माती वर दाब देते, आणि तो काळ्या मातीत चौरस मीटरला 10 ते 30 टनांपर्यंत जाऊ शकतो. आपली भिंत खाली दाबते 5 टनांनी. त्यामुळे हलकं बांधकाम काळ्या मातीत जास्त धोक्यात असतं. सगळी शेड एकसारखी वर-खाली झाली असती तर एवढं बिघडलं नसतं. पण पन्हाळीचं पाणी एका कोपऱ्यात पडतं, दुसऱ्या बाजूला बोअरच्या पाइपची गळती असते, तिसऱ्या बाजूला लिंबाचं झाड ओल ओढून घेतं. एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो, आणि विटांची भिंत हे वाकणं सहन करू शकत नाही.

मिस्त्रींचा चार फूट पाया इथे अडतो. ओल-सुकेचा हा खेळ काळ्या मातीत पाच फुटांच्या खालीही चालतो आणि खोल काळीत अकरा-बारा फुटांपर्यंत पोचतो. चार फुटांवर पाया थांबवला आणि खाली काळीच असली, तर पायाच्या तळाखालची माती दर वर्षी हलत राहणार.

खड्डा घ्या आणि थर वाचा

पहिलं काम म्हणजे चाचणीचा खड्डा. शेडच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर एकेक आणि जमले तर मध्ये एक. एकाच खड्ड्यावर भिस्त ठेवू नका, कारण बेसॉल्टवरचा मुरमाचा पृष्ठभाग सपाट नसतो. वीस फुटांवर तो तीन फूट खाली गेलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. जेसीबी आलेला असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे. खोली निदान आठ फूट, किंवा कठीण मुरूम लागेपर्यंत.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सरळ उभ्या बाजूंच्या खड्ड्यात पाच फुटांपेक्षा खाली कुणाला उतरू देऊ नका. काळ्या मातीची भिंत आधी कसलाही आवाज न करता ढासळते, आणि छातीपर्यंत माती आली तरी माणूस गुदमरतो. थर बघण्यासाठी बकेटमधली माती काठावर फूटफूट खोलीनुसार वेगळी ओतायला सांगा. उतरायचंच असेल तर खड्ड्याच्या बाजू जेसीबीने उतरत्या करून घ्या.

जवळच विहीर असेल तर तिची न बांधलेली बाजू बघा. वर काळी, मग पिवळसर चिकण आणि चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. विहीर खोदताना कुठल्या फुटाला काय लागलं ते घरातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. ती माहिती उपयोगाची आहे, पण ती विहिरीच्या जागेची. शेडच्या जागेचा खड्डा त्यामुळे टळत नाही.

आपल्या उदाहरणात ओढ्याकडच्या जागेवर काय निघालं ते असं: पहिले सहा फूट निव्वळ काळी, पुढे नऊ फुटांपर्यंत पिवळट चिकण आणि चुनखडी, नऊ फुटांवर मुरूम. माळाच्या जागेवर मात्र दीड फूट मुरमाड माती आणि त्याखाली लगेच मुरूम, चार फुटांवर इतका घट्ट की पहार मारली तर तुकडा निघतो, पण पहार आत जात नाही.

अंगठ्याची आणि रॉकेलची परीक्षा

पायाच्या तळाची माती किती मऊ आहे, याचा ढोबळ अंदाज अंगठ्याने येतो, आणि भारतीय मानक आयएस 1904 मध्येही तो दिलेला आहे. चिकणमातीत अंगठा सहज काही सेंटिमीटर आत गेला तर चौरस मीटरला 5 टन. बेताच्या दाबाने ठसा उमटला तर 10. चांगला जोर लावल्यावर ठसा उमटला तर 15. अंगठ्याचं फक्त नख रुततं इतकी माती घट्ट असेल तर 25 च्या आसपास. मात्र त्याच तक्त्यात काळ्या कापसाच्या मातीसमोर आकडा नाही. तिथे तपासणी करूनच ठरवावं असं म्हटलं आहे. कारण उघड आहे: तिचा आकडा ओलीनुसार बदलतो.

म्हणून ही परीक्षा ओल्या मातीवर घ्यायची. सगळ्यात चांगला काळ म्हणजे पावसाळा संपता संपता, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. उन्हाळ्यातच बांधायचं असेल तर खड्ड्यात पायाच्या तळाच्या पातळीला दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवा, मग उपसून वरचा चिखलाचा थर खरवडा आणि खालच्या मातीवर अंगठा दाबा. आपल्या ओढ्याकडच्या खड्ड्यात कोरड्या मातीवर नखसुद्धा रुतलं नव्हतं. भिजवल्यावर बेताच्या दाबाने अंगठ्याचा ठसा उमटला. म्हणजे दहा टन. आपली गरज पाच टनांची. वजनाच्या हिशोबात जागा पास झाली, पण फुगण्याचा प्रश्न बाकी आहे.

फुगण्याची परीक्षा सोपी आहे. माती वाळवून कुटा, बारीक चाळणीतून चाळा. प्रयोगशाळेत यासाठी 425 मायक्रॉनची चाळण वापरतात, घरी मैद्याची चाळण चालेल, आकडा थोडा इकडे-तिकडे होईल इतकंच. मापाच्या खुणा असलेल्या दोन सरळ काचेच्या नळ्यांत प्रत्येकी 10 ग्रॅम माती टाका. एकीत 100 मिलिलिटरच्या खुणेपर्यंत रॉकेल भरा, दुसरीत तेवढंच शुद्ध पाणी. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि चोवीस तास हलवू नका. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतला फरक रॉकेलमधल्या मापाने भागला की फुगण्याची टक्केवारी मिळते.

आपल्या काळीचं माप रॉकेलमध्ये 11 मिलिलिटर आणि पाण्यात 24 आलं असं धरू. फरक 13, त्याला 11 ने भागलं तर जवळपास 118 टक्के. 50 च्या आत असेल तर फारशी काळजी नाही. 50 ते 100 मध्यम. 100 ते 200 म्हणजे जास्त फुगणारी माती, आणि 200 च्या वर म्हणजे फारच वाईट. आपली माती तिसऱ्या गटात पडली. या मातीत चार फुटांचा साधा पाया घेऊ नये, हे इथे स्पष्ट होतं.

रॉकेल मिळत नसेल तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी माती प्रयोगशाळेत दोन-तीन किलो नमुना द्या. पिकासाठीच्या माती परीक्षणाच्या केंद्रात हे होत नाही. तिथे सामू, नत्र, स्फुरद, पालाश तपासतात. बांधकामाची माती तपासणारी प्रयोगशाळा वेगळी असते, आणि नमुना पायाच्या खोलीवरचा लागतो, वरच्या नांगरटीतला नाही.

काठ किती लांब हवा

आता ओढ्याकडे वळू. ही बाजू लोक सगळ्यात कमी तपासतात, आणि नुकसान मात्र तिथेच सगळ्यात मोठं होतं. फुगण्यामुळे भिंत तडकते. काठ सरकला तर भिंतीसकट जमीनच जाते. 2025 च्या सप्टेंबरच्या पुरात मराठवाड्यात किती जमिनी खरडून गेल्या ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आपल्या ओढ्याचा काठ बारा फूट उंच आणि जवळजवळ उभा आहे. उन्हाळ्यात तो कापून ठेवल्यासारखा ताठ दिसतो. तो ताठ का उभा आहे? मातीच्या कणांना धरून ठेवणाऱ्या चिकट ताकदीमुळे. इंजिनिअर तिला कोहेजन म्हणतात. उभा काठ किती उंचीपर्यंत टिकू शकतो, याचा एक साधा हिशोब आहे: कोहेजनची चौपट करायची आणि मातीच्या घनतेने भागायचं.

कोरड्या काळीचं कोहेजन चौरस मीटरला 5 टन धरलं आणि मातीचं वजन घनमीटरला 1.8 टन, तर चार गुणिले पाच भागिले 1.8 म्हणजे 11 मीटर, छत्तीस फूट. बारा फुटांचा काठ मे महिन्यात इतका निर्धास्त उभा असतो त्याचं कारण हे. पण पावसाने भिजल्यावर तेच कोहेजन 1.2 टनांवर आलं, तर उत्तर येतं 2.67 मीटर, पावणेनऊ फूट. बारा फुटांचा काठ यात बसत नाही. त्यात काठावर आधीच उभ्या भेगा असतील तर चौपटीऐवजी 2.67 पट धरतात, मग उंची सहा फुटांच्याही आत येते. हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या मातीचे प्रयोगशाळेतून वेगळे येतील. पण कोरड्यातून ओल्यात जाताना किती फरक पडतो ते यातून दिसतं.

आता वर सोयाबीनची पोती आली. 50 किलोचं पोतं साधारण 0.4 चौरस मीटर जागा घेतं. दहा थरांची थप्पी म्हणजे चौरस मीटरला सव्वा टन. काठाच्या नजरेने हे म्हणजे जमीन सव्वादोन फुटांनी उंच केल्यासारखं आहे. काठाजवळच्या शेडमध्ये भिंतींबरोबर आतला मालही काठाला दाबतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आणि काठ पूर आलेला असताना जेवढा पडतो, त्यापेक्षा पूर ओसरल्यावर जास्त पडतो. पुराच्या वेळी पाणी काठाला बाहेरून टेकू देत असतं. ते रात्रीतून उतरलं की टेकू गेला, पण मातीत मुरलेलं पाणी इतक्या लवकर बाहेर येऊ शकत नाही. जड, ओली माती आधाराविना उरते. म्हणून पूर ओसरल्यावर दोन-तीन दिवस काठाशी गुरं बांधू नका, ट्रॅक्टर लावू नका. शेततळ्याच्या काठालाही हेच लागू आहे. उपसा करून तळं झपाट्याने रिकामं केलं तर आतल्या बाजू सरकू शकतात.

काठ आधीच सरकायला लागला आहे का, ते डोळ्यांनी ओळखता येतं. काळ्या मातीत सुकण्याच्या भेगा सगळीकडे असतात, पण त्या जाळीसारख्या, चहूदिशांना फाटलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंची माती एका पातळीत असते. घसरणीची भेग वेगळी. ती काठाला समांतर, लांबलचक, बहुतेक वेळा किंचित कमानीसारखी वळलेली असते आणि तिची ओढ्याकडची बाजू बोटभर तरी खाली गेलेली असते. अशी भेग दिसली तर तिच्या ओढ्याकडची सगळी जमीन आता ओढ्याची समजा. काठाच्या पायथ्याशी माती फुगून पुढे आलेली असणं, मध्येच एका पट्ट्यात ओल झिरपणं, काठावरच्या बाभळीचा बुंधा ओढ्याकडे झुकून शेंडा पुन्हा सरळ वर गेलेला असणं, तारेचे खांब तिरके होणं, हीही त्याचीच लक्षणं आहेत. ओल झिरपण्याचा पट्टा बहुधा काळी आणि मुरूम जिथे भेटतात तिथे असतो, कारण पाणी काळीतून हळूहळू उतरतं आणि खालच्या घट्ट थरावर अडतं. वरची माती याच थरावरून निसटते.

भेगेबद्दल शंका असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक लोखंडी सळई ठोका आणि पावसाळाभर दर आठवड्याला दोन्हींतलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. फुगणारी माती पावसात भेग मिटवते. अंतर पावसात वाढत असेल तर काठ चालला आहे.

मग शेड काठापासून किती लांब? आयएस 1904 सांगतं की पायाच्या तळाच्या कडेपासून जमिनीला 30 अंशांच्या उताराने रेघ काढली तर ती उताराच्या बाहेर निघता कामा नये, आणि पायापासून उतारापर्यंत आडवं अंतर मातीत निदान 90 सेंटिमीटर हवं. आपला पाया चार फूट खोल, काठ बारा फूट, म्हणजे पायाखाली आठ फूट उरले. 30 अंशांत एक फूट उतरायला पावणेदोन फूट आडवं जावं लागतं, म्हणजे साधारण चौदा फूट. पण हे अंतर काठ स्वतः स्थिर आहे असं धरून काढलेलं आहे. आपला काठ भिजल्यावर स्थिर नाही, हे वरच्या हिशोबात दिसलंच. म्हणून काळ्या मातीच्या काठाशी मी एका फुटाला दोन फूट धरतो आणि मोजतो ते पायाच्या तळापासून नाही, तर जमिनीच्या पातळीपासून, कारण पोत्यांचं वजन जमिनीवरच येणार आहे. बारा दुणे चोवीस फूट. त्यात ओढा काठ खात पुढे येईल त्यासाठी आणखी दहा. एकूण चौतीस-पस्तीस फूट, काठाच्या पायथ्यापासून मोजलेले. ओढ्याच्या वळणाची बाहेरची बाजू असेल, जिथे पाण्याचा धक्का थेट बसतो, तर तिथे शेड बांधूच नये.

आपल्या मालकाने ठरवलेली जागा काठापासून पंधरा फुटांवर होती.

माळाची जागा, पण नीट

ओढ्याकडची जागा दोन कारणांनी बाद झाली: माती 118 टक्के फुगते आणि काठ जवळ आहे. पस्तीस फूट मागे सरकूनही काळीतच बांधायचं असतं, तर पाया नऊ फुटांखालच्या मुरमात न्यावा लागला असता. त्यासाठी भिंतीखाली सलग चर खोदण्यापेक्षा आरसीसीचे कॉलम मुरमावर टेकवणं आणि वर बीमवर भिंत उचलणं परवडतं. बीम आणि खालची माती यांच्यात निदान तीन इंच मोकळी जागा ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी बीमला लागत नाही. मुरूम फारच खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल हा मार्ग आहे. जमिनीत भोक पाडून तळाशी गोल फुगवटा केलेले हे काँक्रीटचे खांब असतात, खोल काळ्या मातीत निदान साडेतीन मीटर लांबीचे. माती वर ढकलायला लागली की तळाचा फुगवटा खांबाला अडकवून ठेवतो. याचं डिझाइन मात्र इंजिनिअरकडूनच करून घ्यावं लागतं.

कुणी म्हणेल, काळी काढून वाळू भरू. हे करू नका. काळीत खोदलेल्या चरात वाळू भरली की तिथे पाणी साठवायची टाकीच तयार होते, आणि भोवतालची माती वर्षभर भिजत राहते. भरायचाच असेल तर मुरूम भरा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस.

माळाच्या जागेला रस्त्यापासून लांब केबल ओढावी लागेल, थोडा खर्च वाढेल. तरी मी तीच जागा घेईन. चार फुटांवर घट्ट मुरूम, 15 टनांच्या वर ताकद, फुगणं जवळपास नाही. मात्र माळावर एक वेगळी चूक होते. जमीन उताराची असते, म्हणून जेसीबीवाला वरच्या अंगाची माती कापून खालच्या अंगाला टाकतो आणि सपाट ओटा करून देतो. वरचा अर्धा ओटा मूळच्या मुरमावर बसतो, खालचा अर्धा नुकत्याच टाकलेल्या सैल भरावावर. पहिल्याच पावसाळ्यात भराव बसतो आणि जिथे कापीव आणि भराव भेटतात, नेमक्या त्याच रेषेवर भिंत आणि फरशी फाटते. उपाय साधा आहे: खालच्या बाजूचा पाया भरावातून आरपार मूळ मुरमात न्यायचा, मग तो वरच्या बाजूपेक्षा तीन-चार फूट खोल गेला तरी चालेल. शंका असेल तर पायाच्या चरात पहार मारून बघा. भरावात ती सहज आत जाते, मूळ मुरमात टणक आवाज करून थांबते.

भरावाची बाहेरची कड एका फुटाला दोन फूट अशी उतरती ठेवा. वरच्या अंगाला कापलेला मुरूम चार-पाच फुटांपेक्षा उंच असेल तर तो उभा न ठेवता उंचीइतकाच मागे उतरता कापा, आणि त्याच्याही वर पाणी अडवायला एक चर काढून ते दोन्ही बाजूंनी शेडपासून लांब न्या. शेडच्या चारही बाजूंनी निदान तीन फूट रुंद, बाहेर उतरता काँक्रीटचा पट्टा करा आणि पन्हाळीचं पाणी पाइपने दूर सोडा, भिंतीच्या बुंध्याशी कधीच नाही.

पाया भरण्याच्या दिवशी चर उघडा असताना एकदा सगळ्या लांबीने चालत जाऊन प्रत्येक पाच-सहा फुटांवर पहार मारून बघा. एखाद्या ठिकाणी मुरमात काळीचा खिसा निघतो, जुनं बीळ किंवा झाडाचं खोड कुजलेली जागा निघते. तिथली मऊ माती पूर्ण उकरून काढायची आणि तेवढा भाग काँक्रीटने भरून मग वर पाया चालवायचा. चर खोदल्यावर पाऊस आला तर तळाचा भिजलेला थर खरवडून काढल्याशिवाय काँक्रीट ओतू देऊ नका. आणि खड्ड्यात मुरूम लागलाच नाही, पाणी झिरपताना दिसलं, किंवा काठाला समांतर भेग आढळली, तर या तीनपैकी कुठल्याही एका कारणासाठी इंजिनिअरला जागेवर बोलावून खड्डा दाखवा, मग मिस्त्रीला इसार द्या.